पहिला संशय आपल्याच फॉरवर्डवर

आमच्या वस्तीतल्या विहारात ज्येष्ठांसाठी अधूनमधून काही ना काही ठेवलं जातं. कधी मोतीबिंदूची तपासणी, कधी पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची सोय. या वेळी विषय निघाला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खोट्या मेसेजचा. वेळ मिळाला फक्त एक तास, रविवारी वंदना संपल्यावर आणि जेवणाच्या आधी. तयारीच्या बैठकीत आमचे तरुण कार्यकर्ते चाळीस स्लाइड घेऊन आले. आरक्षणाबद्दलचे खोटे आकडे, संविधान कोणी लिहिलं याबद्दलच्या खोडसाळ पोस्ट, आयटी सेल कसा चालतो, डीपफेक म्हणजे काय, फोटो उलटा शोधायचा कसा, सगळं त्यात होतं. मेहनत खरी होती. तरी मी म्हणालो, यातल्या अडतीस स्लाइड काढा. आणि उरलेल्या दोनमध्ये आयटी सेलचा नको, आपल्याच ग्रुपवर फिरणारा मेसेज घ्या. त्यावरून बराच वाद झाला. बैठकीत मला जे नीट मांडता आलं नाही, ते इथे मांडतो.

एका तासात माणूस खोटं ओळखायला शिकतो का, हा प्रश्न आपल्या देशात प्रत्यक्ष तपासून झालेला आहे. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने बिहारमधल्या गया इथे बाराशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला. प्रशिक्षित माणसं घरोघरी गेली, समोरासमोर बसून सुमारे तासभर शिकवलं. फोटो कसा तपासायचा, पडताळणी करणाऱ्या वेबसाइट कशा वापरायच्या, हे सगळं सांगितलं. नंतर पुन्हा जाऊन मोजमाप घेतलं, तर सरासरी फरक जवळपास काहीच नव्हता. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जे लोक स्वतःला भाजपच्या जवळचे म्हणवत होते, त्यांच्यात आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याचं प्रमाण शिकवणीनंतर वाढण्याऐवजी घटलं.

हे वाक्य वाचून आपल्यातल्या अनेकांना बरं वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण मित्रहो, तिथेच आपली फसगत आहे. त्या प्रयोगाचा धडा कुठल्या एका पक्षापुरता ठेवता येत नाही. आपल्या माणसाबद्दलची, आपल्या अभिमानाची खोटी गोष्ट सोडून द्यायला कोणी सांगितलं, की माणूस ती अधिकच घट्ट धरतो. आपण या नियमाला अपवाद आहोत असं समजायला काय आधार आहे?

याच्या उलट दाखवणारा एक तासही आहे, तोही सांगायला हवा. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी तासाभराचा ऑनलाइन पाठ तयार केला होता. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तो तपासला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. पाठाआधी ज्येष्ठांचे खऱ्या-खोट्या बातम्यांचे निर्णय ६४ टक्के वेळा बरोबर येत होते, पाठानंतर ८५ टक्के. मग गयेत काय बिघडलं? दोन्हीकडची माणसं, भाषा, हाताळण्याची सवय वेगळी, त्यामुळे थेट तुलना करता येणार नाही. पण दोन फरक मला आपल्या कामाचे वाटतात. अमेरिकेतले ज्येष्ठ स्वतःहून शिकायला आले होते, कोणी त्यांच्या दारात गेलं नव्हतं. आणि तिथे भर होता स्वतः शोधून बघण्यावर, हे स्वतःच्या हाताने करण्यावर. गयेत निवडणूक तोंडावर होती आणि प्रत्येक बातमीला पक्षाचा रंग होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की एका तासात पाच कौशल्यं शिकवायला जाऊ नका. एकच प्रश्न पक्का करा: हे पहिल्यांदा कोणी सांगितलं? आणि तो प्रश्न आधी स्वतःला आवडणाऱ्या मेसेजला विचारायला शिकवा.

सुरुवात मात्र अशा गोष्टीने करावी जिच्यात कोणाचा अभिमान अडकलेला नाही. मी दोन हजारची नोट निवडली. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात नॅनो जीपीएस चिप आहे आणि जमिनीखाली १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला सापडते, असा मेसेज घरोघरी पोचला. मोठ्या वृत्तवाहिन्यांनीही ते दाखवलं. हे विहारात विचारलं की सगळेच हसतात, कारण सगळ्यांनीच ते ऐकलेलं असतं आणि अर्ध्यांनी मानलेलं असतं. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांना विचारावं, चिपला करंट कुठून मिळत होता? त्यांच्याच तोंडून उत्तर येतं. सांगणारा बाहेरचा तज्ज्ञ नसला की गोष्ट जास्त लागू पडते.

पण इथेच थांबलं तर घात होतो. लगेच दुसरा मेसेज दाखवायचा: दोन हजारच्या नोटा चलनातून काढून घेणार, बँकेत बदलून घ्या. हाही तसाच घबराट करणारा, हाही व्हॉट्सअ‍ॅपवरच आलेला. आणि हा खरा होता. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तसं निवेदन काढलं होतं. त्यात एका वेळी वीस हजार रुपयांपर्यंत नोटा बदलता येतील असं म्हटलं होतं, सुरुवातीची मुदत ३० सप्टेंबर होती, आणि नोट कायदेशीर चलन राहील हेही स्पष्ट लिहिलं होतं. एकच नोट, एक मेसेज खोटा, एक खरा. दोन्हींत फरक कुठे? भाषेत नाही, धक्क्यातही नाही. एका मेसेजच्या मागे गेलं की शेवटी एक संस्था, एक तारीख आणि एक निवेदन सापडतं. दुसऱ्याच्या मागे गेलं की नुसता दुसरा मेसेज सापडतो. यासाठी दहा मिनिटं पुरतात.

आता मुख्य भाग, वीस मिनिटांचा, ज्यावरून आमच्या बैठकीत आवाज चढले. मी सुचवलेला मेसेज असा: कोलंबिया विद्यापीठाने जगातल्या शंभर सर्वश्रेष्ठ विद्वानांची यादी केली आणि त्यात बाबासाहेब पहिल्या क्रमांकावर आले. तुमच्या फोनवर तो आलेलाच असेल. चौदा एप्रिलच्या आसपास तर हमखास येतो. कधी त्यात विद्यापीठ बदलतं, कधी शंभरच्या जागी दुसरा आकडा असतो. आकडा असा बदलत राहतो, हीच खरं तर शंकेची पहिली जागा.

बैठकीत एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "म्हणजे आता बाबासाहेबांचा मोठेपणा आम्ही तपासून घ्यायचा का?" हा प्रश्न कार्यशाळेतही येणार. त्याला टाळाटाळ केली तर तास तिथेच संपला. मी ताईंना म्हणालो, मोठेपणा नाही तपासायचा, मेसेज तपासायचा. चला, एकत्र बघू.

आम्ही तो तिथेच तपासला, आणि कार्यशाळेतही याच क्रमाने करायचं ठरलं. आधी एकाने मेसेजमधलेच शब्द मराठीतून गुगलला बोलून विचारले. काय आलं? डझनभर व्हिडिओ आणि पानं, सगळीकडे तेच वाक्य, तोच पहिला क्रमांक. ताई म्हणाल्या, "बघ, सगळीकडे आहे." नवशिक्याचा पाय घसरतो तो नेमका इथे. मेसेजचेच शब्द शोधले की मेसेजच्याच नकला परत येतात, आणि दहा नकला बघून माणसाला दहा साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. ज्येष्ठांना हे चटकन समजतं, फक्त गावातल्या अफवेच्या भाषेत सांगावं लागतं: दहा जण सांगतात खरे, पण दहाही जणांना एकाच माणसाने सांगितलं असेल तर साक्षीदार किती?

मग दुसरा शोध. यादी कोलंबियाने केली असेल तर कोलंबियाच्या स्वतःच्या पानावर असली पाहिजे. म्हणून पत्त्यात `columbia.edu` असलेलं पान शोधायचं. पान इंग्रजीत असल्यामुळे इथे एका नातीने वाचून दाखवलं. आणि मग जे निघालं ते ताईंनाही आवडलं. कोलंबियाने २००४ मध्ये आपल्या अडीचशेव्या वर्षाच्या निमित्ताने काळाच्या पुढे असलेल्या आपल्या माणसांची एक यादी केली होती. तिच्यात बाबासाहेबांचं नाव आहे. हे खरं. पण ती यादी जगातल्या विद्वानांची नाही, कोलंबियाशी संबंधित व्यक्तींची आहे. आणि तिच्यात पहिला-दुसरा असे क्रमांक लावलेले नाहीत.

म्हणजे मेसेज निखालस बनावट नव्हता. खऱ्या गोष्टीला कोणीतरी वरून कळस चढवला होता. ज्येष्ठांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या खोट्यातलं बरंचसं याच जातीचं असतं, आणि म्हणूनच ते पकडणं अवघड जातं. या खऱ्यात भर घालणारी आणखी एक खरी गोष्ट आहे: याच विद्यापीठाने १९५२ मध्ये बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. ती सांगायला कुठल्याही क्रमांकाची गरज पडत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या गोड मेसेजने कोणाचं काय बिघडलं? बिघडतं ते आपल्या नातवंडांचं. कॉलेजात किंवा ऑफिसात पोरगं अभिमानाने हे सांगतं, समोरचा दोन मिनिटांत फोनवर शोधतो आणि म्हणतो, अशी यादीच नाही. मग तो तिथेच थांबत नाही. याच पद्धतीने तो पुढच्या खऱ्या गोष्टीवरही हसतो, पदव्यांवर, ग्रंथांवर, महाडच्या सत्याग्रहावर. ताईंना पटलं ते या मुद्द्याने. माझ्या तर्काने नव्हे, नातीच्या काळजीने.

इथे कोणीतरी कालाम सुत्ताची आठवण काढणार, आणि काढावीच. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका, ही शिकवण आमच्या ज्येष्ठांना तोंडपाठ आहे. फक्त एक गंमत सांगून ठेवतो. 'तुमच्या बुद्धीला पटेल तेवढंच माना' अशा अर्थाचं जे वाक्य बुद्धाच्या फोटोखाली फिरतं, ते त्या सुत्ताचं मोडतोड केलेलं रूप आहे. सुत्तातली कसोटी नुसती पटण्याची नाही. ही गोष्ट अंगीकारली तर अहित होतं का, जाणती माणसं तिला नावं ठेवतात का, हेही त्यात विचारलेलं आहे. पटण्याचं काय, चिपही अनेकांना पटलीच होती.

अहिताची कसोटी लागते ती भीतीच्या मेसेजला. यासाठी दहा मिनिटं ठेवली आहेत. आजी-आजोबा सर्वांत जास्त घाईने पुढे पाठवतात तो मेसेज म्हणजे मुलं पळवणारी टोळी आली आहे. हा ते द्वेषाने पाठवत नाहीत, नातवंडांच्या मायेने पाठवतात. २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पळ काढतात. मूळ चित्रफीत पाकिस्तानातल्या कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी तेच दोघे परत येतात, मुलाला उतरवतात आणि हातातला फलक कॅमेऱ्याला दाखवतात. आपल्याकडे फिरली तेव्हा तो शेवट कापलेला होता.

त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. गावातल्या लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. कराचीचाच व्हिडिओ तिथे कोणी पाहिला होता, असा माझा दावा नाही. पण मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्या दिवसांत त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. अशा अफवेत संशयित कोण ठरतं? ज्याचा पोशाख वेगळा, बोली वेगळी आणि ज्याला गाव नाही, तो. भटक्या-विमुक्तांच्या वस्तीशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. तो व्हिडिओ कोणाच्याही फोनवर पाठवायचा नाही. आपल्याच फोनवर, आधी 'ही बनवलेली चित्रफीत आहे' असं सांगून आणि शेवटासकट दाखवायचा. नाहीतर आपल्याच कार्यशाळेतून तो पुन्हा गावभर जायचा.

नंतरची पंधरा मिनिटं प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन. चार जणांमागे एक मदतनीस, त्यामुळे पंधरा-सोळा ज्येष्ठांहून जास्त घ्यायचे नाहीत. मदतनीसाने फोन स्वतःच्या हातात घ्यायचा नाही, हा नियम सर्वांत कडक. आपली पोरं "द्या इकडे" म्हणून फोन ओढतात, भराभर करून दाखवतात आणि आजींना काहीच कळत नाही. आधी अक्षरं मोठी करून द्यावीत. मग तीन गोष्टी.

पहिली, मेसेजच्या वरचे बाण. एक बाण म्हणजे पुढे पाठवलेला. दोन बाण म्हणजे किमान पाच हातांतून फिरत आलेला, आणि असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. दोन बाण म्हणजे खोटं असा अर्थ नाही. ज्याने पाठवला त्याने तो लिहिलेला नाही, एवढंच त्यातून कळतं. आणि कोणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला तर बाण दिसतच नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर बाण नाही म्हणजे खरं असं लोक धरून चालतील.

दुसरी, माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलून शोधणं, आणि शेवटी 'फॅक्ट चेक' हे दोन शब्द जोडणं. न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो यांची पडताळणी मराठीतही असते. सरकारची पीआयबीची पडताळणीही आहे, पण ती केंद्र सरकारबद्दलच्या दाव्यांपुरती, आणि स्वतःबद्दलच्या तक्रारीचा निवाडा स्वतःच करणाऱ्यावर किती विसंबायचं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरी, चुकून पाठवलेला मेसेज सर्वांसाठी काढून टाकणं. पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवस ते करता येतं. हे शिकवताना अनेक ज्येष्ठांचा चेहरा सैल होतो, कारण आजवर केलेली चूक परत घेता येते हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ग्रुपवर कोणाला उघडं पाडायचं नाही, हेही इथेच. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं तर तो मेसेज सोडत नाही, ग्रुप सोडतो. खाजगीत एवढंच विचारायचं, "दादा, हे तुमच्याकडे कुठून आलं?"

फोटो उलटा शोधणं, डीपफेक, चाळीस स्लाइड, हे सगळं या तासातून गेलं. तरुणांना वाईट वाटलं. पण डीपफेक बोटांवरून आणि पापण्यांवरून ओळखायला शिकवलं तर सहा महिन्यांत ते शिक्षण शिळं होतं. 'पहिल्यांदा कोणी सांगितलं' हा प्रश्न तिथेही चालतो.

उरली पाच मिनिटं, ती मात्र सुरुवातीची. लोक येऊन बसत असतानाच सहा मेसेज मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावायचे, तीन खरे, तीन खोटे, दोन्हींत काही आपल्याला सुखावणारे. प्रत्येकाने चिठ्ठीवर बरोबर किंवा फुली करायची, नाव लिहायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना दोन रंगांच्या चिठ्ठ्या. दोन आठवड्यांनी त्याच जातीचे नवे सहा लावून पुन्हा चिठ्ठ्या घ्यायच्या.

हे मोजताना एक सापळा आहे. समजा आधी एका काकांनी तीन खोट्यांपैकी दोन ओळखले आणि तीन खऱ्यांपैकी दोन खरे म्हटले. कार्यशाळेनंतर त्यांनी सहाच्या सहा मेसेजवर फुली मारली. खोटे तिन्ही पकडले म्हणून आपण टाळ्या वाजवू. पण खरा एकही त्यांना ओळखता आला नाही. आधी सहापैकी चार बरोबर होते, आता तीन. काका शहाणे झाले नाहीत, नुसते घाबरले. अशा घाबरलेल्या माणसाला लसीकरणाची किंवा शिष्यवृत्तीची खरी सूचनाही खोटी वाटते, आणि त्याचं नुकसान गरिबाला जास्त होतं. म्हणून नुसती फुली मोजायची नाही, खरे आणि खोटे दोन्हींचे बरोबर निर्णय मोजायचे.

एका तासाने फार होईल असं मी कोणाला आश्वासन दिलेलं नाही. बिहारमध्येच नंतर ग्रंथालयांतून हजारो विद्यार्थ्यांना काही आठवड्यांच्या अंतराने अनेक वर्ग घेऊन शिकवलं, तेव्हा परिणाम दिसला आणि महिने उलटले तरी टिकला. त्यात विद्यार्थी होते, ज्येष्ठ नव्हते. तरी पुन्हा पुन्हा भेटण्यात काहीतरी आहे, असं मी त्यातून घेतो. आपल्याला वेगळा वर्ग भरवायची गरज नाही. लोक दर रविवारी येतातच. तासानंतरचे चार रविवार, वंदनेनंतर दहा मिनिटं, त्या आठवड्यात ग्रुपवर आलेला एकच मेसेज घ्यायचा आणि ज्याला तो आला त्यानेच तो कसा तपासला ते सांगायचं.

पहिल्या रविवारची जबाबदारी त्या ताईंनी घेतली आहे. मेसेज कोणता, ते अजून सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तुझ्याच नंबरवरून आलेला आहे."